गँट चार्टवरून काम संपायची तारीख कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दुकानाचं किंवा दवाखान्याचं इंटिरिअर करून घेणाऱ्यांचे, ठेकेदारांचे आणि ऑफिसात बसून शीट भरणाऱ्यांचे आहेत. गँट चार्ट म्हणजे कोणतं काम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता. सगळ्यांचं मूळ एकच: "काम नक्की कधी संपणार?" प्रत्येक उत्तरात नवं उदाहरण घेतलं तर डोकं भणभणेल, म्हणून इथून तिथून एकच उदाहरण वापरलं आहे. पुण्यातला एक लहान दवाखाना, जुनं सगळं काढून नवीन करायचा. काम सोमवार, १३ एप्रिल २०२६ ला सुरू होतं. आठवड्याचे पाच दिवस काम, शनिवार-रविवार बंद. मध्ये दोन सुट्ट्या येतात: १४ एप्रिल (आंबेडकर जयंती, मंगळवार) आणि १ मे (महाराष्ट्र दिन, शुक्रवार).

| ओळ | काम | दिवस | कुणानंतर | सुरुवात | शेवट |
|---|---|---|---|---|---|
| 2 | तोडफोड, राडारोडा उचलणं | ३ | – | १३ एप्रिल | १६ एप्रिल |
| 3 | वायरिंग आणि नळकाम | ५ | तोडफोड | १७ एप्रिल | २३ एप्रिल |
| 4 | प्लास्टर दुरुस्ती, पुट्टी | ४ | वायरिंग | २४ एप्रिल | २९ एप्रिल |
| 5 | फरशी | ४ | प्लास्टर | ३० एप्रिल | ६ मे |
| 6 | फर्निचर बनवणं (वर्कशॉपमध्ये) | १२ | तोडफोड | १७ एप्रिल | ५ मे |
| 7 | रंग | ३ | प्लास्टर | ३० एप्रिल | ५ मे |
| 8 | फर्निचर बसवणं | ३ | फरशी, फर्निचर, रंग | ७ मे | ११ मे |
| 9 | सफाई आणि ताबा | १ | फर्निचर बसवणं | १२ मे | १२ मे |

शीटमध्ये A स्तंभात काम, B मध्ये दिवस, C मध्ये "कुणानंतर", D मध्ये सुरुवात, E मध्ये शेवट आणि H2 पासून खाली सुट्ट्यांची यादी आहे असं धरा. "ओळ" म्हणजे शीटमधली ओळ. फॉर्म्युले एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस तिन्हीकडे चालतात.

१. सगळ्या कामांचे दिवस मिळवले तर ३५ होतात. मग ३५ दिवस लागतील ना?

नाही, २० लागतील. बेरीज तेव्हाच बरोबर, जेव्हा प्रत्येक काम आधीचं संपल्यावरच सुरू होतं. इथे तोडफोड झाली की सुतार मापं घेऊन जातो आणि त्याच्या वर्कशॉपमध्ये फर्निचर बनत असताना इकडे वायरमन भिंती खोदत असतो. ते १२ दिवस साइटच्या दिवसांच्या पोटात जातात.

म्हणून सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणाऱ्या साखळ्या शोधायच्या आणि सर्वांत लांब कोणती ते पाहायचं. तोडफोड ३, वायरिंग ५, प्लास्टर ४, फरशी ४, बसवणं ३, सफाई १ ही साखळी २० दिवसांची आहे. फर्निचर बनवण्याच्या वाटेने गेलं तर ३, १२, ३, १ मिळून १९ होतात. रंगाच्या वाटेनेही १९च. सर्वांत लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात आणि काम संपायची तारीख तीच ठरवते.

हे २० "कामाचे दिवस" आहेत, कॅलेंडरचे नव्हेत. आधी कामाच्या दिवसांत मोजायचं आणि मग ते कॅलेंडरवर बसवायचं, हा क्रम मोडला की पुढचे बहुतेक घोळ होतात.

२. सोमवारी सुरू झालेलं तीन दिवसांचं काम बुधवारी संपतं की गुरुवारी?

मध्ये सुट्टी नसेल तर बुधवारी संध्याकाळी. आपल्या तक्त्यात तोडफोड गुरुवारी संपते ती १४ एप्रिलच्या सुट्टीमुळे. सोमवार हा पहिला दिवस. सोमवारमध्ये तीन मिळवून गुरुवार येतो, ती पुढच्या कामाची सुरुवात असते, या कामाचा शेवट नाही.

हा एका दिवसाचा फरक किरकोळ वाटतो, पण तो प्रत्येक कामात शिरतो. आपल्या मुख्य साखळीत सहा कामं आहेत. प्रत्येकाचा शेवट एक दिवस पुढे धरला आणि पुढचं काम त्याच्याही दुसऱ्या दिवशी सुरू केलं, तर शेवटची तारीख सहा कामाचे दिवस पुढे जाते. म्हणजे एक आठवडा आणि वर एक दिवस, कुणीही उशीर न करता. तुमची शीट आणि ठेकेदाराची शीट यांच्यात मुख्य साखळीतल्या कामांइतकाच फरक दिसला, तर बहुधा भांडण याच मोजणीचं असतं.

३. शनिवार-रविवार वगळणारा फॉर्म्युला कोणता?

`WORKDAY`. त्याला एक तारीख आणि दिवसांची संख्या दिली की तो त्या तारखेनंतरचे कामाचे दिवस मोजतो. दिलेली तारीख स्वतः मोजत नाही. म्हणून कामाचा शेवट काढताना सुरुवातीच्या आदल्या दिवसापासून मोजायला लावायचं:

```
E2:  =WORKDAY(D2-1,B2,$H$2:$H$10)
D3:  =WORKDAY(E2,1,$H$2:$H$10)
```

पहिली ओळ म्हणजे "सुरुवात धरून B2 इतके दिवस", दुसरी म्हणजे "आधीचं काम संपल्यानंतरचा पहिला कामाचा दिवस". बऱ्याच ठिकाणी `WORKDAY(D2,B2-1)` असंही लिहिलेलं सापडतं. सुरुवात कामाच्या दिवशी असेल तर दोन्हींचं उत्तर एकच येतं. पण D2 मध्ये चुकून रविवार पडला आणि काम एका दिवसाचं असलं, तर दुसरा प्रकार शून्य दिवस पुढे जातो आणि तोच रविवार शेवट म्हणून दाखवतो. पहिला प्रकार सोमवार देतो. म्हणून पहिलाच वापरा.

सुरुवातीचा दिवसही तपासून घ्यायचा असेल तर हाताने लिहिलेली तारीख वेगळ्या सेलमध्ये ठेवा, समजा J1 मध्ये, आणि D2 मध्ये `=WORKDAY(J1-1,1,$H$2:$H$10)` लिहा. रविवार दिलात तरी सुरुवात सोमवारवर सरकते.

४. एका कामाच्या आधी तीन कामं आहेत. सुरुवात कुणावरून धरायची?

तिघांत जे सर्वांत उशिरा संपतं त्याच्यावरून. फर्निचर बसवायला फरशी हवी, रंग झालेला हवा आणि फर्निचर तयार हवं:

```
D8:  =WORKDAY(MAX(E5,E6,E7),1,$H$2:$H$10)
```

फरशी ६ मेला संपते, फर्निचर आणि रंग ५ मेला. `MAX` ६ मे उचलतो, म्हणून बसवणं ७ मे, गुरुवारी सुरू. गुरुवार, शुक्रवार, मग शनिवार-रविवार सोडून सोमवार ११ मे. सफाई मंगळवार, १२ मे. E9 मध्ये दिसणारी तारीख हेच तुमचं उत्तर.

एक सल्ला: एका कामाच्या आधी सध्या एकच काम असलं तरी तिथे `MAX` लिहून ठेवा. पुढे "अहो, एसीवाला पण यायचाय" असा फोन येतोच. तेव्हा `MAX` मध्ये एक सेल वाढवायचा एवढंच काम उरतं.

C स्तंभात "फरशी, रंग" असं लिहिलेलं फक्त माणसांसाठी आहे, फॉर्म्युला ते वाचत नाही. C मध्ये बदल केला आणि D मध्ये विसरला, असं झालं तर शीट गुपचूप जुनंच उत्तर देत राहते.

५. सुट्ट्यांची यादी दिली, तरी तारीख एक दिवस आधीच येते. का?

नव्वद टक्के वेळा म्हणावं इतक्या सर्रास, यादीतली तारीख तुम्हाला वाटते ती नसते. शीटची भाषा किंवा प्रदेश अमेरिकेचा असला की `01/05/2026` हे १ मे न होता ५ जानेवारी होतं. ती तारीख आपल्या कामाच्या आसपासही नाही, म्हणून ती सुट्टी कुठेच वगळली जात नाही. कोणतीही चूक दाखवली जात नाही, उत्तर फक्त १२ मेऐवजी ११ मे येतं. `14/04/2026` मध्ये चौदावा महिनाच नसल्यामुळे ते मजकूर म्हणून पडून राहतं आणि त्यावर `#VALUE!` येऊ शकतं. ही दुसरी चूक निदान ओरडते तरी. पहिली जास्त वाईट.

ओळखायला सोपं आहे. खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. आणि शेजारच्या सेलमध्ये `=TEXT(H3,"d mmm yyyy")` लिहा, महिना नावाने दिसेल. मी तारखा नेहमी `2026-05-01` अशा लिहितो, म्हणजे दिवस-महिन्याचा गोंधळच होत नाही. गूगल शीट्समध्ये फाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रदेश भारत करून घेतला तरी चालतं.

शनिवारी-रविवारी पडणारी सुट्टी यादीत ठेवली तर काही बिघडत नाही. तो दिवस दोनदा वगळला जात नाही.

६. शीटमध्ये शेवट ५ मे आहे, पण चार्टमधली पट्टी २८ एप्रिललाच संपते. कुणाचं खरं?

शीटचं. चार्ट काहीच मोजत नाही, तो तुम्ही दिलेले आकडे काढून दाखवतो. एक्सेलमध्ये गँट चार्ट करताना रचलेल्या पट्ट्यांचा चार्ट घेतात. पहिली पट्टी सुरुवातीच्या तारखेपर्यंत, तिचा रंग काढून टाकलेला, आणि तिच्या पुढे कामाची दिसणारी पट्टी. त्या दिसणाऱ्या पट्टीला लांबी म्हणून B स्तंभ दिला की घोळ होतो. फर्निचर बनवण्याचे १२ दिवस हे कामाचे दिवस आहेत, पण चार्टच्या खालच्या अक्षावर शनिवार-रविवारही असतात. १७ एप्रिलपासून सलग १२ दिवस मोजले की २८ एप्रिल येते.

लांबीसाठी वेगळा स्तंभ करा, `=E6-D6+1`. या कामासाठी तो १९ येतो, आणि पट्टी ५ मेपर्यंत पोहोचते. त्याच वेळी अक्षाची किमान मर्यादा १३ एप्रिल करून घ्या. एक्सेल तिथे संख्या मागतो, ती 46125. आणि कामांची यादी उलटी दिसत असेल तर उभ्या अक्षाच्या सेटिंगमध्ये क्रम उलटा करा.

पण मला स्वतःला या चार्टपेक्षा सेल रंगवण्याची पद्धत बरी वाटते. पहिल्या ओळीत K1 पासून पुढे एकेक तारीख लिहा आणि खालच्या सगळ्या सेलना कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा नियम द्या:

```
=AND(K$1>=$D2,K$1<=$E2,NETWORKDAYS(K$1,K$1,$H$2:$H$10)=1)
```

यात पट्टी शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तुटते. १ मेचा उभा रकाना रिकामा दिसला नाही, तर सुट्टीची तारीख चुकली हे नजरेनेच कळतं (प्रश्न ५ पाहा).

७. सुतार म्हणतो तीन दिवस उशीर होईल. ताबाही तीन दिवस पुढे जाईल का?

या उदाहरणात दोनच दिवस. फर्निचर ५ मेला तयार होणार होतं, पण फरशी ६ मेला संपत असल्यामुळे बसवणं तसंही ७ मेलाच सुरू होणार होतं. म्हणजे सुताराकडे एक दिवसाची सवड होती. B6 मध्ये १२ चे १५ करून पाहा: फर्निचर ८ मेला तयार, बसवणं ११ ते १३ मे, सफाई १४ मे. १२ मेवरून १४ मे.

सवड काढायला `=NETWORKDAYS(E6,D8,$H$2:$H$10)-2` लिहा. ५ मे ते ७ मे हे तीन कामाचे दिवस, त्यातून दोन्ही टोकं वजा, उरतो एक. ही सवड लगेच पुढच्या कामापर्यंतचीच असते. वरच्या मूळ तक्त्यात ज्या कामांना शून्य येतं ती मुख्य साखळीत आहेत, तिथे उशीर झाला की तो सरळ ताब्याला लागतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. सुताराला उशीर झाल्यावर मुख्य साखळी बदलते. आता ती तोडफोड, फर्निचर, बसवणं, सफाई अशी झाली. या परिस्थितीत फरशीवर दोन माणसं जास्त लावून काम तीन दिवसांत उरकलं तरी ताबा एक दिवसही अलीकडे येणार नाही. जास्तीचे पैसे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी सर्वांत लांब साखळी कोणती ते पुन्हा पाहा.

८. आमच्याकडे शनिवारीही काम चालतं. काहींना दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. ते कसं करायचं?

`WORKDAY` ऐवजी `WORKDAY.INTL` वापरा. त्यात कोणता वार बंद ते सांगता येतं. 11 म्हणजे फक्त रविवार बंद:

```
E2:  =WORKDAY.INTL(D2-1,B2,11,$H$2:$H$10)
```

सगळ्या ओळींत असं केलं तर आपला दवाखाना १२ मेऐवजी ७ मे, गुरुवारी तयार होतो. साइटवरची माणसं बहुतेक वेळा शनिवारी येतातच, म्हणून पाच दिवसांचा आठवडा धरून काढलेली तारीख ठेकेदाराला उगाच लांबलेली वाटते.

दुसऱ्या-चौथ्या शनिवारसाठी वेगळा आकडा नाही. सप्टेंबर २०१५ पासून बँका त्या दिवशी बंद असतात, त्यामुळे बँकेच्या शाखेत काम करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. उपाय असा: 11 च ठेवा आणि ते शनिवार सुट्ट्यांच्या यादीत घाला. आपल्या काळात ते २५ एप्रिल आणि ९ मे. मग शेवट ८ मे येतो. तारखा हाताने शोधायच्या नसतील तर महिन्याची १ तारीख A20 मध्ये लिहून:

```
=WORKDAY.INTL(A20-1,2,"1111101")
```

त्या सात अंकांत पहिला सोमवार, शेवटचा रविवार. 1 म्हणजे बंद, 0 म्हणजे चालू. फक्त शनिवार चालू ठेवून दुसरा "कामाचा दिवस" मागितला की दुसरा शनिवार मिळतो. 2 च्या जागी 4 टाका, चौथा मिळेल. सौदीतल्या साइटसाठी शुक्रवार-शनिवार बंद हवेत, त्याचा आकडा 7.

९. वर्कशॉपची सुट्टी वेगळी, साइटची वेगळी. एकाच शीटमध्ये दोन्ही कसं?

प्रत्येक ओळीला तिचं कॅलेंडर द्या. भोसरी-पिंपरीकडच्या बऱ्याच वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते, रविवारी काम चालू. मग फर्निचर बनवण्याच्या ओळीत 15, म्हणजे फक्त गुरुवार बंद:

```
D6:  =WORKDAY.INTL(E2,1,15,$H$2:$H$10)
E6:  =WORKDAY.INTL(D6-1,B6,15,$H$2:$H$10)
```

१७ एप्रिलपासून १२ दिवस, २३ एप्रिलचा गुरुवार सोडून, २९ एप्रिल, बुधवारी संपतात. पाच दिवसांच्या आठवड्याने ५ मे येत होती. सुताराची सवड एका दिवसावरून बरीच वाढली आणि प्रश्न ७ मधली धावपळ कदाचित लागलीच नसती.

नियम एवढाच: कामाची सुरुवात आणि शेवट त्या कामाच्या कॅलेंडरने मोजायचे, आधीच्या कामाच्या नव्हे. D8 मध्ये साइटचंच कॅलेंडर राहील. फर्निचर रविवारी तयार झालं तरी ते सोमवारीच बसवायला येणार.

१०. फरशीचं सिमेंट धरायला तीन दिवस लागतात. ते "काम" म्हणून टाकायचं का?

टाकू नका, निदान कामाच्या दिवसांत तरी नको. सिमेंटला रविवार कळत नाही. पुट्टी, वॉर्निश, वॉटरप्रूफिंगच्या टाकीत पाणी भरून ठेवणं, कुरिअरची वाट, हे सगळं कॅलेंडरच्या दिवसांत चालतं. म्हणून वाट पाहण्याचे दिवस आधी साध्या बेरजेने घाला आणि मग पुढचा कामाचा दिवस शोधा:

```
D8:  =WORKDAY(MAX(E5+3,E6,E7),1,$H$2:$H$10)
```

फरशी ६ मे, बुधवारी संपली. ७, ८, ९ मे हे तीन दिवस थांबायचं. बसवणं सोमवार, ११ मेला सुरू आणि सफाई १४ मे. तीन दिवस थांबूनही ताबा दोनच दिवस पुढे गेला, कारण तिसरा दिवस शनिवारी पडला. हेच तीन "कामाचे दिवस" धरले असते तर बसवणं १२ मेला आणि ताबा १५ मेला गेला असता.

यातून साइटवरची एक युक्ती निघते. थांबायला लागणारी कामं शुक्रवारी संपतील असं बसवता आलं, तर दोन दिवस आयतेच मिळतात.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरत असाल तर तिथे मध्यंतर `3ed` असं लिहा. नुसतं `3d` लिहिलं तर ते कामाचे दिवस धरतं.

११. प्लास्टर पूर्ण व्हायच्या आधीच रंगारी एका खोलीत सुरू करू शकतो. हे कसं दाखवायचं?

"संपल्यावर सुरू" ऐवजी "सुरू झाल्यावर इतक्या दिवसांनी सुरू" असं नातं लावा. प्लास्टर सुरू झाल्यावर दोन कामाच्या दिवसांनी रंग सुरू करायचा असेल तर D7 मध्ये `=WORKDAY(D4,2,$H$2:$H$10)`. प्लास्टर २४ एप्रिलला सुरू, म्हणून रंग २८ एप्रिलला.

पण एवढ्यावर थांबलात तर एक भोक राहतं. प्लास्टर रेंगाळलं आणि ४ दिवसांचे ८ झाले, तर शीट रंग ३० एप्रिललाच संपल्याचं सांगेल, प्लास्टर अजून अर्धं असताना. म्हणून शेवटालाही बंधन हवं: रंग प्लास्टरनंतर निदान एक दिवस तरी चालला पाहिजे.

```
E7:  =MAX(WORKDAY(D7-1,B7,$H$2:$H$10),WORKDAY(E4,1,$H$2:$H$10))
```

आणि हे करून ताबा अलीकडे आला का? नाही, १२ मेच. रंगाला आधीच सवड होती. मुख्य साखळीत नसलेलं काम लवकर सुरू केल्याने मनाला बरं वाटतं, तारीख हलत नाही.

१२. रंगारी आणि फरशीवाला एकाच वेळी एकाच खोलीत कसे मावतील?

नाही मावणार, आणि शीटला हे माहीत नसतं. दोन्ही प्लास्टरनंतर, म्हणून तिने दोघांना ३० एप्रिललाच बोलावलं. रंगासाठी फरशी लागत नाही, फरशीसाठी रंग लागत नाही, पण जागा एकच आहे. एकच वायरमन दोन साइटवर असेल तर तीच गोष्ट.

उपाय म्हणजे खोटं वाटलं तरी नातं लावून टाकणं: रंग फरशीनंतर, किंवा फरशी रंगानंतर. या उदाहरणात कसंही लावा, ताबा १५ मे येतो, कारण दोघांचे मिळून सात दिवस दोन्ही क्रमांत सारखेच. मग क्रम कामाच्या दृष्टीने ठरवा. नव्या फरशीवर रंगाचे ठिपके पडलेले कुणाला आवडत नाहीत. दवाखान्यात दोन स्वतंत्र खोल्या असतील तर प्रत्येक खोलीची वेगळी ओळ करा, मग दोघं आलटून पालटून काम करू शकतात.

माझ्या मते चुकलेल्या तारखांचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. सुट्ट्या वगळायला सगळे शिकतात, माणसं आणि जागा मोजायला कुणी बसत नाही.

१३. अडीच दिवसांचं काम २.५ लिहिलं, तर चालेल का?

नाही. `WORKDAY` अपूर्णांक कापून टाकतो, २.५ चे २ करतो, आणि सांगत नाही. एकाच माणसाची दोन अर्ध्या-अर्ध्या दिवसाची कामं लागोपाठ असतील तर ती एका ओळीत घेऊन १ लिहा. नाहीतर वरचा पूर्ण दिवस धरा.

१४. "ताबा" असा शून्य दिवसांचा टप्पा घातला आणि तो रविवारी आला. असं का?

प्रश्न ३ मधला `D-1` चा फॉर्म्युला शून्य दिवसांना चालत नाही. सुरुवात सोमवारी असेल तर तो सोमवारमधून एक वजा करतो, शून्य दिवस पुढे जातो आणि रविवारवर थांबतो. टप्प्याच्या ओळीत फॉर्म्युला न वापरता आधीच्या कामाचा शेवटच उचला: D आणि E दोन्हीत `=E9`, आणि आधी अनेक कामं असतील तर `=MAX(...)`.

१५. उद्घाटनाचा दिवस ठरलाय. मग सुरुवात कधी करायची?

उलटं मोजा. समजा ८ मे, शुक्रवारी सगळं संपलेलं हवं आणि मुख्य साखळी २० दिवसांची आहे:

```
=WORKDAY(DATE(2026,5,8)+1,-20,$H$2:$H$10)
```

उत्तर ९ एप्रिल, गुरुवार. इथे एक दिवस मिळवायचा, वजा नाही, कारण आता मोजणी मागे जाते आणि ८ मे स्वतः धरायची आहे. हा एकोळी फॉर्म्युला सगळी कामं एकाच कॅलेंडरवर असतील तेव्हाच वापरा. प्रश्न ९ किंवा १० मधलं काही शीटमध्ये असेल, तर J1 मधली तारीख एकेक दिवस मागे नेत E9 वर लक्ष ठेवा. ते जास्त भरवशाचं आहे.

१६. काम सुरू झाल्यावर तारखा बदलत जातात. शीट रोज नव्याने करायची का?

नाही. F स्तंभात "प्रत्यक्ष शेवट" ठेवा, काम संपलं की तारीख भरा, आणि E मध्ये असं लिहा:

```
E3:  =IF(F3<>"",F3,WORKDAY(D3-1,B3,$H$2:$H$10))
```

वायरिंग २३ ऐवजी २७ एप्रिलला संपलं असं F3 मध्ये लिहिलं की ताबा आपोआप १४ मे होतो. दोन कामाचे दिवस उशीर, तेवढाच पुढे, कारण वायरिंगला सवड नाही.

चुकीची पद्धत म्हणजे E3 मधला फॉर्म्युला पुसून तारीख टंकणं. त्या दिवशी उत्तर बरोबर येतं, पण नंतर तोडफोडीची तारीख बदलली तर ती सूचना तिथेच अडकते आणि खालचं काहीच हलत नाही. एखादी तारीख हलायलाच तयार नसेल तर त्या सेलवर जाऊन वरच्या पट्टीत बराबरचं चिन्ह दिसतं का ते पाहा.

चालू कामात मात्र F रिकामा असतो. ठरलेला शेवट उलटून गेला तरी शीट जुनीच तारीख दाखवते. आठवड्यातून एकदा मिस्त्रीला "अजून किती दिवस?" विचारून, झालेले दिवस अधिक उरलेले दिवस असा नवा आकडा B मध्ये घालायचा. "झालं किती?" विचारलं की उत्तर नेहमी "नव्वद टक्के" येतं, त्यावरून तारीख काढता येत नाही.

१७. शीट म्हणते सर्क्युलर रेफरन्स आहे. कुठे शोधू?

दोन कामं फिरून एकमेकांची वाट पाहताहेत. बहुतेक वेळा प्रश्न १२ सारखं हाताने लावलेलं नातं याला कारण असतं: रंग फरशीनंतर लावला आणि फरशी रंगानंतर लावलेली तशीच राहिली. शेवटचं जोडलेलं नातं काढून पाहा. तरी सापडलं नाही तर एका कामापासून "हे कुणानंतर?" असं विचारत मागे जा. जे काम दुसऱ्यांदा भेटेल तिथे फेरा आहे. त्यातलं कोणतं नातं खरं, ते साइटवरच्या माणसालाच विचारावं लागेल.